कापलेल्या पट्टीतला बिबट्या

आधी आपांचं सांगते, मग काय झालं ते. नांदेडच्या त्या सेंटरमध्ये मला टिकवलं ते आपांनी. मी टिकले यात माझी हुशारी थोडी असेल, पण ती माझ्यात आहे हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं, आणि आपांनीही सरळ सांगितलं नाही. त्या सरळ काही सांगतच नाहीत. चिडवता चिडवता सांगतात. आपण घरी जाऊन भाकरी थापताना लक्षात येतं की अरे, ही तर शाबासकी होती.

मी औसा तालुक्यातली. नववीत शाळा सुटली. आईच्या कमरेनं दगा दिला, हायस्कूल दुसऱ्या गावात, घरात मी थोरली. जे होतं तेच झालं. पण नांदेडला आल्यावर हे रोज नव्यानं सांगावं लागायचं. कारण आमच्या सेंटरमध्ये कुणीही विचारायचं, गाव कुठलं, आणि मी लातूर जिल्हा म्हटलं की लगेच पुढचं, मग तिकडं सोडून इकडं कशी? सगळा मराठवाडा शिकायला लातूरला जातो, आणि ही बाई लातूरहून न शिकता नांदेडला आली. आपा तर पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "उलट्या एसटीत बसलीस बेटा तू."

काम असं होतं. संगणकाला चित्रातली अक्षरं वाचायला शिकवायची. त्यासाठी कुठल्या कुठल्या व्हिडिओंमधले स्क्रीनशॉट आमच्याकडे यायचे. डाव्या बाजूला चित्र, उजव्या बाजूला रिकामे चौकोन. चित्रावर जे लिहून आलंय, सिनेमाचं सबटायटल, बातम्यांच्या खालची पळती पट्टी, कोपऱ्यातलं घड्याळ, माणसाच्या छातीखालचा नावाचा पट्टा, ते ते आपापल्या चौकोनात टाइप करायचं. बस एवढंच. मी औशाच्या एका झेरॉक्सच्या दुकानात तीन वर्षं टायपिंग केलेलं, मराठी बोटं भराभर चालायची. वाटलं, हे तर डाव्या हाताचं काम.

गावात अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सांगून टाकलं होतं की आमची पोरगी नांदेडला कम्प्युटरला शिकवते. लोक समजले कम्प्युटर शिकवते. अण्णांनी ते कधी दुरुस्त केलं नाही. त्यामुळं नववीत शाळा सोडलेली मी गावात मॅडम झाले होते, आणि ही मॅडमकी एका महिन्यात परत करायची वेळ आली तर एसटीतून उतरताना तोंड कुठं लपवायचं, हा विचार मला पहिल्या दिवसापासून होता. औशाच्या दुकानात माझ्या खुर्चीवर दुसरी मुलगी बसलेली. मागं जागा नव्हती.

नवीन माणसाला चाळीस चित्रांची एक बॅच द्यायचे. आधी सेंटरमध्ये आपा तपासायच्या, मग काम देणाऱ्या पुण्याच्या कंपनीचा तपासणारा. बॅच परत आली तर एकदा सुधारायची संधी. दुसऱ्यांदा परत आली तर माणूस बदलायचा. सेंटर चालवणाऱ्या सरांनी हे इतक्या प्रेमानं सांगितलं की मला आधी वाटलं माणूस बदलायचा म्हणजे तपासणारा बदलायचा.

माझ्या दुसऱ्याच दिवशी आपा हैदराबादला भाचीच्या लग्नाला गेल्या. म्हणून माझी पहिली बॅच त्यांच्या हाताखालून न जाता थेट पुण्याला गेली. ते बरं झालं की वाईट, अजून ठरत नाही.

तर त्या बॅचमध्ये एक चित्र आलं. बातम्यांचा चॅनल, निवेदिका तोंड उघडून थांबलेली, आणि खाली पळती पट्टी. पट्टी पळताना फोटो काढला की ती दोन्हीकडून कापली जाते, हे आता मला झोपेतही माहीत आहे. तेव्हा नव्हतं. पट्टी अशी होती: "सा तालुक्यातील तीन गावांत बिबट्याचा वा".

एवढंच. पुढं चित्राची कड.

सा तालुका. म्हणजे औसा. आमचाच तालुका की. तीन गावांत बिबट्या. तीन गावं कुठली ते पट्टी सांगेना. मी बाहेर जिन्यात जाऊन अण्णांना फोन लावला. अण्णा म्हणाले, कसला बिबट्या. मी म्हटलं, टीव्हीवर आलंय, तीन गावांत. टीव्हीवर आलंय म्हटल्यावर अण्णा वाद घालत नाहीत. म्हणाले, थांब बाई, विचारून सांगतो.

अर्ध्या तासानं त्यांचाच फोन. त्यांनी पारावर विचारलं, दूध डेअरीत विचारलं, आणि खरंच माहिती गोळा केली होती. खालच्या शिवारात कुणाला तरी मागच्या आठवड्यात काहीतरी दिसलं होतं. रंग पिवळा. उंची वासराएवढी. शेपटी लांब. लोक घाबरलेत का, मी विचारलं. ते म्हणाले, आता घाबरलेत.

मी परत खुर्चीवर बसले आणि मन लावून लिहिलं: "औसा तालुक्यातील तीन गावांत बिबट्याचा वावर, नागरिकांमध्ये भीतीचे वातावरण". मला इतकं बरं वाटलं. इतर मुलं नुसती बघून टाइप करतात, मी चौकशी करून केलं. औशाच्या दुकानात असंच असायचं. कुणी भिजलेला, फाटलेला कागद आणायचा, तालुका आहे जिल्हा नाही, आडनाव आहे नाव नाही, आणि आम्ही विचारून, अंदाजानं, पुरा करून द्यायचो. अर्धा कागद तसाच टाइप करून दिला तर मालक म्हणायचे, डोकं घरी ठेवून आलीस का.

बॅच पाचव्या दिवशी परत आली. चाळीसपैकी सव्वीस चित्रांवर लाल खूण.

त्याच दिवशी आपा हैदराबादहून आल्या, हातात मिठाईचा डबा घेऊन. त्यांनी डबा सगळ्यांत फिरवला, माझ्यापाशी आल्या आणि माझा पडदा बघून डबा माझ्या टेबलावरच ठेवला. म्हणाल्या, "तुला जास्त लागेल."

आपांबद्दल थोडं सांगायला हवं. पन्नाशीच्या पुढच्या, नांदेडच्या जुन्या वस्तीतल्या. वीस वर्षं त्यांनी एका केबलवाल्याकडे काम केलं होतं. पूर्वी केबलवाल्यांचा स्वतःचा एक चॅनल असायचा, दिवसभर सिनेमे, आणि खाली पळणारी जाहिरातीची पट्टी. लग्नाच्या शुभेच्छा, नवीन दुकानाचं उद्घाटन, हरवलेली बकरी, कुणाचं दुःखद निधन. ती पट्टी आपा टाइप करायच्या. लोक हातानं लिहिलेल्या चिठ्ठ्या खिडकीतून द्यायचे आणि संध्याकाळपर्यंत अर्धं शहर ती पट्टी वाचायचं. म्हणजे आम्ही जिच्याकडे या बाजूनं बघतो, त्या पट्टीच्या पलीकडच्या बाजूला त्या वीस वर्षं बसलेल्या. मग केबलचे दिवस गेले, आणि सरांनी त्यांना सेंटरमध्ये आणून तपासायला बसवलं. दिवसभर त्या चष्म्याच्या वरून बघायच्या. चष्म्यातून पडदा, वरून आम्ही.

माझी सव्वीस चित्रं त्यांनी एकेक करून उघडली. मी शेजारी स्टुलावर, परीक्षेत कॉपी सापडल्यासारखी.

पहिल्या नऊ चित्रांत मी "वरीलप्रमाणे" लिहिलं होतं. एकाच व्हिडिओतले लागोपाठचे स्क्रीनशॉट, चॅनलचं तेच चिन्ह, तोच पट्टा. पुन्हा पुन्हा काय लिहायचं म्हणून. दुकानात सात-बाराच्या अर्जात आम्ही असंच करायचो. आपांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला, परत वाचलं. त्यांच्या खांद्याला हसू येत होतं. म्हणाल्या की संगणकाला हे एक चित्र दाखवणार आणि विचारणार, बोल बाळ, काय लिहिलंय, आणि तो बाळ म्हणणार, वरीलप्रमाणे. वर कुणीच नाही. प्रत्येक चित्र एकटंच असतं, त्याला भाऊबहीण नाही, एवढं त्यांनी मला समजावलं.

मग बॅटरी. काही स्क्रीनशॉट फोनवर काढलेले. वर फोनची वेळ, चार्जिंग किती उरलं ते, मध्ये व्हिडिओ थांबवायची खूण, खाली किती मिनिटं झाली ते आकडे. मी सगळं इमानेइतबारे उतरवलेलं. चित्रात दिसतंय ना, मग. आपा म्हणाल्या, हे ज्यानं फोटो काढला त्याच्या फोनचं आहे. व्हिडिओ दुसऱ्या फोनवर लावला तर हे बदलेल. सबटायटल बदलणार नाही, पट्टी बदलणार नाही, चॅनलचं घड्याळ बदलणार नाही, ते चित्रात भाजून निघालंय. कुणाच्याही घरी न्या, तेच. म्हणून ते लिहायचं, आणि त्या माणसाच्या बॅटरीची काळजी त्याच्या बायकोला करू द्यायची.

निवेदकाच्या मागे रस्त्यावर एक चहाच्या दुकानाची पाटी होती, ती पण मी लिहिलेली. ती दुनियेत लिहिलेली आहे, चित्रावर नाही, आपा म्हणाल्या. आपल्या कामात फक्त वरून चढवलेलं. दुसऱ्या कामात पाट्याही मागतील, तेव्हा लिही.

मग आलं सिनेमाचं. नायक रेल्वेच्या फलाटावर, खाली सबटायटल: "मी तुला कधीच". ओळ तिथं संपलेली, पुढचे शब्द पुढच्या चित्रात असणार, ते आमच्याकडे नव्हतं. मी लिहिलं होतं, "मी तुला कधीच विसरणार नाही". त्याचा चेहराच तसा होता.

"तुला काय माहीत तो काय म्हणून राहिला होता?" आपा म्हणाल्या. "मी तुला कधीच माझी गाडी चालवायला देणार नाही, असं म्हणला असता तर?"

मी हसले. रडू येत होतं, पण हसले. मिठाईचा दुसरा तुकडा तोंडात होता, रडणं शक्यही नव्हतं.

आणि शेवटी बिबट्या. आपांनी पट्टी वाचली, माझं लिहिलेलं वाचलं, परत पट्टी वाचली. हे कुठून आणलं, त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. जिना, अण्णा, पार, डेअरी, वासराएवढी उंची. आपा ऐकत राहिल्या. मध्ये एकदाही हसल्या नाहीत, त्यामुळं मला जास्त भीती वाटली.

मग म्हणाल्या, "औसाच कशावरून? नेवासा का न्हाई?"

नेवासा. तिकडं ऊस, तिकडं बिबटे, सगळं जुळत होतं. माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. माझ्या मनात एकच तालुका होता आणि तो घरचा होता.

"आणि समज, औसाच असला," आपा म्हणाल्या. "बिबट्या खरा असला. बातमी सोळा आणे खरी. तरी ती तुझ्या गावात आहे, या चित्रात न्हाई."

त्यांनी मग टेबलावरचा कागद घेतला आणि त्यावर लिहिलं, संपर्क, आणि पुढे चार आकडे, आणि कागद तिथंच फाडला. विचारलं, हा फोन नंबर पुरा कर. मी म्हटलं, कसा करणार? आपा म्हणाल्या, का? मी म्हटलं, मला माहीत नाही पुढं काय आहे. तर म्हणाल्या, "नंबराला घाबरतेस ना? मग शब्दाला का घाबरत न्हाईस?"

हे मला कुणी शाळेत शिकवलं नाही. शिकवलं असतं तर कदाचित मी दहावी झाले असते, असं मी त्यांना म्हटलं. त्या म्हणाल्या, दहावीवाल्यांनाही येत नाही, पुण्याला बघ.

त्या दिवशी दुपारी चहाला त्यांनी मला त्यांचं स्वतःचं सांगितलं. केबलवर असताना एकदा निधनाची चिठ्ठी आली. पावसात भिजलेली, घराण्याचं नाव दिसत होतं, पुढं गल्लीचं नाव ओघळलेलं. आपा तेव्हा नव्या होत्या. त्या घराण्याचं एक घर त्यांना माहीत होतं, त्यांनी ती गल्ली टाकून पट्टी सोडली. ती गल्ली चुलत्याची होती, निधन दुसऱ्या घरात झालेलं, पण लोकांना वाटलं चुलत्याकडची म्हातारी गेली. संध्याकाळी चाळीस-पन्नास माणसं टोप्या घालून, बायका पदर डोक्यावर घेऊन त्या घरी पोचल्या. दार उघडलं ते ज्यांच्यासाठी आले त्या म्हाताऱ्या बाईनंच. मग? मी विचारलं. मग काय, आपा म्हणाल्या, एवढी माणसं दारात आली म्हणून ती खूष झाली. सगळ्यांना चहा पाजला. एकानं रडून घेतलं, कारण रडण्याची तयारी करून आला होता. ती बाई पुढं अकरा वर्षं जगली आणि रस्त्यात भेटली की आपांना विचारायची, माझी पट्टी परत कधी सोडतेस?

तेव्हापासून आपांनी अर्धं ते अर्धंच ठेवलं. चिठ्ठी भिजलेली असेल तर माणसाला परत बोलवायच्या. इथं कुणाला बोलवता येत नाही, म्हणून कडेला कापलं असेल तर आम्ही तिथंच थांबतो, आणि अक्षरं झाकलेली असतील तिथं एक खूण टाकतो, कंसात तीन ठिपके. आपा त्या ठिपक्यांना म्हणतात, "अल्लाला माहीत."

मी बॅच सुधारली. "सा तालुक्यातील तीन गावांत बिबट्याचा वा". लिहिताना हात थांबत होता. उघड्या दारासारखं वाटत होतं ते, जाऊन लावून यावं असं.

गावाकडे मात्र बिबट्या थांबला नव्हता. अण्णांचा फोन आला की आता संध्याकाळी कुणी एकटं शिवारात जात नाही, पोरांनी डबे वाजवायची टोळी काढली आहे, आणि शेजारच्या गावात पण दिसला म्हणतात. मी विचारलं, कुणी सांगितलं. ते अभिमानानं म्हणाले, "सगळ्यांना म्हाईत हाय आता, नांदेडच्या टीव्हीवर आलंय म्हणून." मी म्हटलं अण्णा, तो कदाचित नेवाशाचा आहे. अण्णा म्हणाले, तिकडून इकडं यायला बिबट्याला काय एसटी लागते का. मी फोन ठेवला. हे मी आपांना सांगितलं, आणि मला वाटतं त्या दिवशी त्यांना सगळ्यात जास्त हसू आलं. डोळे पुसत म्हणाल्या की त्यांनी एका बाईला मारलं, पण माझ्यासारखं कधी जनावर जन्माला घातलं नाही.

सुधारलेल्या बॅचबरोबर नियमाप्रमाणे दहा नवीन चित्रंही द्यायची होती. त्यांतली दोन एकाच व्हिडिओतली. बातम्यांचा चॅनल, पण कुणीतरी केबलवरून रेकॉर्ड केलेला. चॅनलच्या पळत्या पट्टीवर केबलवाल्यानं स्वतःची पट्टी चढवलेली. पहिल्या चित्रात: "बकरी हरवली आहे, रंग काळा, कपाळावर पां". दुसऱ्यात: "रंग काळा, कपाळावर पांढरा ठिपका, आणून देणा". चॅनलची मूळ पट्टी त्याखाली दबलेली. डाव्या कोपऱ्यात तिचा "ताज्या बातम्या" असा चौकोन तेवढा उंच होता म्हणून डोकावत होता, बाकी शब्दांच्या नुसत्या डोक्यावरच्या रेघा.

मी पुष्कळ वेळ बघितलं. मग बकरी लिहिली, कापली होती तिथं कापून. "ताज्या बातम्या" लिहिलं. पुढं कंसात तीन ठिपके. आपांनी तपासताना ती दोन चित्रं बघितली, एवढंच म्हणाल्या की ही नांदेडची पट्टी नाही, आम्ही फोन नंबर सुरुवातीला टाकायचो, लोक शेवटपर्यंत बघत नाहीत. आणि पुढं पाठवलं.

तीन दिवसांनी पुण्याहून उत्तर. सगळी चित्रं बरोबर, ही दोन सोडून. शेरा होता की केबलची जाहिरात हा कार्यक्रमाचा मजकूर नाही, काढून टाकावी. चॅनलची पट्टी मूळ मजकूर आहे, ती पूर्ण लिहावी. खाली दोन बटणं. मान्य. आक्षेप. मान्य म्हटलं तर चूक कबूल आणि बॅच परत, म्हणजे दुसऱ्यांदा. आक्षेप घेतला आणि तो फेटाळला तर तेच, आणि आपांनी पास केलं म्हणून त्यांच्या नावावरही शेरा.

मी मान्यवर बोट नेलं होतं. खरं सांगते. पुण्याचा माणूस, शिकलेला, त्याच्यापुढं आपण काय. आणि आपांना मध्ये ओढायचं नव्हतं. पुढं होऊन सॉरी म्हणावं आणि पिशवी उचलावी, असंच मी आयुष्यभर केलेलं.

आपांनी मागून विचारलं, "काय करून राहिलीस?"

मी सांगितलं. तुमच्या नावावर येईल, म्हटलं.

"माझ्या नावावर एक जिवंत बाई हाय," त्या म्हणाल्या. "त्यात बकरी काय जड. चित्र उघड."

चित्र उघडलं. त्या बघतील आणि मग मला काय म्हणायचं ते सांगतील असं मला वाटलं, पण त्या नुसत्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, तू लिहिलंस ना, मग तू सांग, का लिहिलंस. मी म्हटलं, दिसलं म्हणून. त्या म्हणाल्या, तशी तर बॅटरीही दिसते. मग? मी परत चित्राकडे बघितलं. आणि मला जे दिसलं होतं ते परत दिसलं, जे मी त्या दिवशी शब्दांत म्हटलं नव्हतं. हा स्क्रीनशॉट कुणी फोनवर काढलेला. व्हिडिओ किती पुढं गेला ते दाखवणारी फोनची लाल रेघ चित्राच्या खालच्या भागातून गेलेली. ती रेघ बकरीच्या अंगावरून गेली होती. बकरीची अक्षरं रेघेखाली होती. म्हणजे फोनचं जे काही होतं ते वर, आणि बकरी त्याच्या आत, व्हिडिओतच. व्हिडिओ कुठंही लावा, बकरी हरवलेलीच राहणार.

मी हे आपांना बोटानं दाखवलं. त्यांनी मान वर करून चष्म्यातून बघितलं, नेहमीसारखं वरून नाही. मग स्टूल ओढून दिलं. लिही.

तुम्ही सांगा, म्हटलं. त्या म्हणाल्या, "मी सांगितलं तर ते माझं होईल. तुझी बकरी, तू शोध."

मी लिहिलं. तीन ओळी लिहायला मला जेवणाची सुट्टी पूर्ण लागली. लिहिलं की फोनची रेघ पट्टीवरून गेली आहे म्हणून पट्टी व्हिडिओत आहे. लिहिलं की नियमात चित्रावर चढवलेला मजकूर लिहा असं आहे, तो कुणी चढवला ते विचारलेलं नाही. लिहिलं की चॅनलच्या पट्टीचं मला फक्त "ताज्या बातम्या" दिसतं, बाकी दिसत नाही, म्हणून लिहिलेलं नाही. "कृपया" कुठं घालावं कळेना म्हणून तीनही ओळींच्या आधी घातलं. आपांनी वाचून दोन कृपया काढायला लावले. म्हणाल्या, एका बकरीला एक पुरे.

आक्षेप पाठवला. त्यानंतरचे दोन दिवस मी काय टाइप केलं मला आठवत नाही. खोलीवर जाऊन मी एकदा बॅग काढूनही ठेवली. माझ्याबरोबर राहणाऱ्या दोघी नर्सिंगच्या, त्यांनी विचारलं गावाला जातेस का, मी म्हटलं बघू. अण्णांना मनातल्या मनात चार वेळा सांगून झालं, की नांदेडची हवा मानवली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी सरांनी त्यांच्या टेबलावरून सांगितलं, तुझं पास झालं. एवढंच. आणि त्यांच्या छपाईयंत्रातून नियमांच्या कागदाची नवी प्रत निघत होती, ती वाटायला लागले. तीत तिसऱ्या नियमाखाली एक ओळ वाढली होती: केबलचालकाची पट्टी व्हिडिओत असल्यास लिहावी, ती कोणी चढवली याचा विचार करू नये. माझ्या ओळीपेक्षा सरळ लिहिली होती. पण माझीच होती. मी तो कागद चार वेळा वाचला. मग आपांकडे बघितलं. त्या दुसऱ्या कुणाची बॅच तपासत होत्या. वर न बघता म्हणाल्या, बकरी सापडली म्हणायची.

मी अजून तिथंच आहे. आता नवीन मुलींना मी शिकवते, आणि त्यांतली एकतरी पहिल्या आठवड्यात "वरीलप्रमाणे" लिहितेच. मी चष्मा लावत नाही, नाहीतर काढून पुसला असता. गावी गेले की लोक बिबट्याचं विचारतात. अण्णांनी सांगून ठेवलंय की पोरीनं वेळेवर कळवलं म्हणून गावात काही नुकसान झालं नाही. हेही त्यांनी कधी दुरुस्त केलं नाही आणि मीही करत नाही.

आपांनी वीस वर्षं नांदेडच्या लोकांच्या शुभेच्छा टाइप केल्या. एकदा मी विचारलं, तुमची पट्टी कुणी सोडली का हो कधी? त्या म्हणाल्या, टाइप करणाऱ्याची पट्टी कोण टाइप करणार. वाढदिवस विचारला तर म्हणाल्या दाखल्यावर एक जून आहे, अर्ध्या मराठवाड्याचा असतो तोच, खरा कुणी लिहून ठेवला नाही. अल्लाला माहीत.

तर माझं असं ठरलंय. देगलूर नाक्याकडे एक केबलवाला अजून जुना चॅनल चालवतो म्हणतात. कधीतरी एका एक जूनला मी त्याच्या खिडकीत चिठ्ठी घेऊन जाणार, कोरड्या कागदावर, आणि आपांची पट्टी सोडणार, दिवसभर. काय लिहायचं ते अजून सुचलेलं नाही. पण त्या दिवशी आपांच्या घरी त्यांच्या टीव्हीपुढं मी त्यांच्या शेजारी बसणार आहे, पट्टी उजवीकडून आत येऊन डावीकडून शेवटचं अक्षर निघून जाईपर्यंत, म्हणजे त्यांना ती पूर्ण वाचता येईल, मध्ये कुठं कापली जाणार नाही.